आपल्या मर्जीनं जात आहे

माझं तोंड पहिल्यापासून तिखट. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते तेव्हा लोक डॉक्टरसाहेबांपेक्षा मलाच जास्त भ्यायचे. राज्य निजामाचं, कागद सगळा उर्दूत. कुणी दाखल व्हायला नकार दिला की मुन्शी तो लिहून काढायचा आणि मराठीत वाचून सांगायचं काम माझ्याकडं.

एका सकाळी एक बैलगाडी आली. पहिलटकरीण पोरगी, तिचा नवरा आणि सासू. निजामाच्या हद्दीवरच्या कनेरगाव नाक्यापलीकडं, वऱ्हाडात पोरीचं माहेर, तिकडं बाळंतपणाला निघालेले. पाय सुजले म्हणून वाटेत दाखवायला थांबले. मी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली, तर ती दह्यासारखी पांढरी झाली. साहेबांनी हाताला पट्टा बांधून रक्ताचा दाब पाहिला आणि म्हणाले, हिला आजच ठेवून घ्या.

सासू म्हणाली, "पयलं बाळंतपण माहेरीच होतं. दवाखान्यात कोन करून राहिलं?"

साहेबांनी समजावलं, मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. माझा पारा चढला, पण नियम असा की बळजबरीनं कुणाला ठेवायचं नाही. शेवटी कागद लिहिला. सासू आपला अंगठा पुढं करायला लागली तशी मी तिचा हात बाजूला सारला. "मावशी, पोरगी शुद्धीवर हाय, जाणती हाय. अंगठा तिचा लागंल. तुमी साक्षीला."

मग मी वाचलं: मला दाखल व्हायला सांगितलं आहे. न राहिल्यास झटके येतील, माझ्या आणि पोटातल्या लेकराच्या जिवाला धोका आहे, हे मला माझ्या भाषेत समजावलं. तरी मी आपल्या मर्जीनं जात आहे. पुढं काही झाल्यास जबाबदारी माझी, दवाखान्याची नाही.

धोका म्हणजे काय, हेही मी फोड करून सांगितलं. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर झटके जवळ आले म्हणून समजायचं. तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. तिनं बराबर म्हटलं. मग सासूकडं पाहिलं आणि अंगठा दिला. मर्जी म्हणे मर्जी. मला त्या पोरीची कीव आली आणि रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आले तर तीच गाडी फाटकाबाहेर, लिंबाखाली. बैल सोडलेले. म्हणजे बऱ्याच वेळची उभी. नवरा खाली मान घालून बसलेला. पोरगी गाडीत आडवी, डोळ्यांवर पदर. कनेरगावचा नाका यायच्या आतच तिचं डोकं ठणकायला लागलं होतं. तिनंच सांगितलं, बाईंनी म्हटलं तेच होऊन राहिलं, मागं फिरा. सासूनंही मग हट्ट केला नाही.

"मग आत काहून न्हाई आलात?" मी ओरडलेच.

नवरा उठला, हात जोडले. "बाई, अंगठा दिला ना आमी. सरकारी कागद. आता साहेब येतील, त्यांनी तो फाडला तर आत यावं म्हून बसलो."

मी पोरीच्या काखेत हात घातले, नवऱ्याला पाय धरायला लावले. आम्ही तिला उचलून आत नेत होतो तेवढ्यात पहिला झटका आला.

साहेबांनी इंजेक्शनं दिली, खोलीत अंधार केला, मी तिच्या दातांत कापडाची घडी धरली. पोरगी वाचली. लेकरू मेलेलं आलं. मुलगा होता.

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मुन्शीला बोलावून त्यांनी कागदाच्या मजकुरात शेवटी एक ओळ वाढवायला सांगितली: हा अंगठा दिला असला तरी मी केव्हाही परत येऊ शकतो, आल्यास दवाखाना मला ठेवून घेईल.

पोरगी अजून खाटेवरच होती, तेव्हा एक म्हातारा पाय सडत आला तरी कापू देईना आणि घरी निघाला. मी व्हरांड्यात त्याला कागद वाचून दाखवला, नव्या ओळीसकट. पोरीचा नवरा खांबाला टेकून बसला होता. म्हातारा गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"बाई, ती परत यायची ओळ आमच्या कागदात बी व्हती का? मी ध्यान देऊन ऐकत व्हतो. का माझ्याकडून ऐकायची राहिली?"

"न्हाई बाबा," मी म्हटलं. "तुमच्या कागदात नव्हती."

त्यानं मान हलवली आणि तांब्यात पाणी भरून बायकोकडं गेला.