विमानाच्या उशिराबद्दल माझी दिलगिरी

दिल्लीचं विमान सात तास उशिरा सुटलं आणि माझी नोकरीची मुलाखत हुकली. कोथरूडला खोलीवर परतून मी विमान कंपनीला भरपाईसाठी ईमेल लिहिला. बोर्डिंग पासवर ठरलेली वेळ होती, कंपनीच्या अ‍ॅपवर प्रत्यक्ष सुटल्याची. दोन्हींचे स्क्रीनशॉट जोडले. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलेल्या अर्जासारखा शेवट केला, 'तसदीबद्दल क्षमस्व.'

शेजारच्या निवृत्त कारकून काकांनी तो वाचला. "अहो, उशीर त्यांनी केला आणि क्षमा तुम्ही मागताय? पेढेही पाठवा की!"

मी ती ओळ खोडली. मग धास्तावलो, उद्धट वाटून कंपनीने दुर्लक्ष केलं तर? शेवटी 'कृपया' तेवढं राहू दिलं. ईमेल पाठवला आणि दर दहा मिनिटांनी उत्तर आलं का पाहत राहिलो.