न विचारायचे पैसे

माझी धाकटी सून एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात मुकादम आहे. चादरी, गाऊन, पडदे, दिवसभर नुसते ढीग. तिच्या हाताखाली बायका आणि बाप्ये मिळून दहा-बारा जण. कोणी तिच्यासमोर आवाज चढवत नाही, आणि तिलाही कधी चढवावा लागत नाही. आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी छडी मारून चक्रवाढ व्याज शिकवलं, पण पैसा खर्चायचा कसा, हे कोणी शिकवलं नाही. ते मला या बाईनं म्हातारपणी शिकवलं. म्हणून तिची गोष्ट सांगायला मला फार आवडतं.

गोष्ट खरी तिच्या नवऱ्यामुळे सुरू झाली. म्हणजे माझ्याच धाकट्यामुळे. तो कारखान्यात लेथ चालवतो. हात असा, की लोखंडाचं लोणी करील. पण वस्तू विकत घेतली, की परत करायची, हा त्याचा छंद. एकदा त्यानं बूट घेतले. घरात वर्तमानपत्र अंथरून त्यावर ते घालून फिरला, म्हणजे तळवे मळू नयेत. तिसऱ्या दिवशी दुकानात नेऊन दिले. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही यायच्या आधीच पिशवी तयार ठेवतो, जाताना आणि येताना तीच वापरा." मी खूप हसलो. सून हसली नाही.

कारण तिला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला होता आणि घर काही महिने तिच्या एकटीच्या पगारावर चाललं. पुढे कारखाना सुरू झाला, उधारी फिटली, अडीअडचणीसाठी बाजूला पैसेही साठले. पण माझ्या मुलाच्या मनातला कारखाना बंदच राहिला. नवा शर्ट अंगात घातला, तरी त्याला वाटायचं, मी पोरांच्या तोंडचा घास काढून घेतला. आणि असं महिनोन् महिने मन मारून एक दिवस त्यानं महागातली मासे पकडायची काठी आणली. आठवडाभर धड जेवला नाही. काठी कपाटावर. तळ्यावर एकदाही गेला नाही.

सगळ्यात वाईट झालं ते शनिवारी. पाळी सुटली, की लेथखात्यातली चार माणसं फाटकासमोरच्या टपरीवर चहाला बसत. एकेक शनिवार एकेकाचा. आपला शनिवार येणार, या धास्तीनं माझा मुलगा मागच्या दारानं निघू लागला. त्यात मिशीवाला म्हणून त्याचा लहानपणापासूनचा मित्र. त्यानं थोडे दिवस वाट पाहिली, मग फोन करायचा बंद केला. तेव्हापासून फोन वाजला, की मुलगा आधी नाव बघायचा, आणि मग चेहरा उतरायचा.

सुनेनं पुढच्या पगाराला स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद मांडला. भाडं, किराणा, वीज, शाळा, माझी औषधं, अडीअडचणीचा पैसा. सगळं लिहून झालं.

"उरलेलं घराच्या अनामतीत टाक," मुलगा म्हणाला. नवं घर भाड्यानं घ्यायचं, म्हणून ती एका डब्यात साठवत होते.

"सगळं नाही," सून म्हणाली. "पगाराच्या शंभरातले दोन तुमचे, दोन माझे. बाबांना थोडे वेगळे."

"कशासाठी?"

"ते विचारायचंच नाही. एवढीच अट."

मी खुर्ची पुढे ओढली. "मी लॉटरी घेतली तर?"

"तरी मी विचारणार नाही, बाबा. हीच तर माझी पंचाईत आहे."

मुलानं बोटांवर हिशेब केला. "घर दोन महिने लांबेल."

"लांबू दे. अहो, आमच्या मशीनचा ड्रम ठासून भरला, तर कपडे घुसळले जात नाहीत, डाग तसेच राहतात आणि मशीन थरथरायला लागतं. नवीन माणूस नेहमी ठासून भरतो, त्याला वाटतं, एका फेरीत जास्त धुतलं. थोडी जागा सोडावीच लागते. तुम्ही सहा महिने ठासून भरता आणि मग एकदम काठी आणता. त्यापेक्षा थोडी जागा आधीच सोडा."

त्यानं मान हलवली. पण पटलं म्हणून नव्हे.

पहिल्या महिन्यात महाराजांनी आपले दोन घराच्या डब्यात टाकले आणि वर छाती पुढे काढून सांगितलं. सुनेनं डबा उघडला, पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. "उरले तर तुमच्या खिशात उरू देत. डब्यात परत यायचं नाही. डब्याचं डब्यात आधीच गेलंय."

दुसऱ्या महिन्यात त्यानं कंगव्याचं बिल आणून दाखवलं. तिनं न वाचताच चुरगाळून केराच्या टोपलीत टाकलं. "हिशेब दिलात, तर तो खर्च माफ होत नाही, मलाच न्यायाधीश करता तुम्ही. मला दिवसाला शंभर चादरींचा न्याय करावा लागतो, घरी नको."

तिनं स्वतः काय केलं, ते मी सांगतो, कारण मी नकळत पाहिलं. इस्पितळाबाहेरच्या बाकावर उन्हात बसून ती एकटी आइस्क्रीम खात होती. इतकं सावकाश, की वितळून मनगटापर्यंत आलं होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं. मी तोंड फिरवून दुसऱ्या रस्त्यानं गेलो. नियम म्हणजे नियम.

तिसऱ्या महिन्यात शनिवारी माझा चष्मा आणायला मुलगा आणि मी कारखान्यावरून चाललो होतो. टपरीवर मिशीवाला बाकीच्यांबरोबर बसलेला. त्यानं मान वर केली.

"काय रे, आज पुढचं दार सापडलं वाटतं?"

मुलाचा पाय अडखळला. मला वाटलं, गेला हा. त्याचा हात नेहमीच्या पाकिटाकडे गेला आणि थांबला. मग त्यानं दुसऱ्या खिशातून न विचारायच्या पैशांची छोटी पिशवी काढली.

"सगळ्यांना चहा," तो टपरीवाल्याला म्हणाला. "आणि बिस्किटं. बाबा, तुम्हीही बसा."

पैसे दिल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं. गुन्हा करून आलेल्या माणसासारखं. मी चहात बिस्कीट बुडवलं आणि आकाशाकडे बघितलं. त्याचं त्यालाच हसू आलं.

पण माझ्या सुनेची करामत मला पुढच्या शनिवारी कळली. चष्म्याची दांडी सैल होती, म्हणून आम्ही पुन्हा त्याच वाटेनं आलो, आणि आता तो आपणहून टपरीकडे वळला. कोणाचा शनिवार, यावर वाद चालला होता. मिशीवाल्यानं डोळे मिचकावले.

"मागचा तुझा होता म्हणून काय झालं, हाही तुझाच. बुडवलेल्या शनिवारांचं व्याज आहे हे."

पूर्वीचा माझा मुलगा असता, तर घड्याळ बघून उठला असता, आणि पुढचे सहा महिने त्या रस्त्याला फिरकला नसता. यानं पिशवी उघडून सगळ्यांना दाखवली. तळाशी दोन नाणी.

"माझे या महिन्याचे संपले, गड्या. पुढच्या पगाराला घे व्याज."

आवाजात लाज नव्हती, सबब नव्हती. लेथवर काम संपलं, असं सांगावं, तितकं साधं.

"बरं," मिशीवाला म्हणाला आणि बाकावर सरकून जागा केली. "मग बस की. उठ म्हणालं कोण?"

आणि माझा मुलगा बसला. दुसऱ्याच्या पैशाचा चहा त्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.