मी न सांगितलेल्या जागा

त्या दिवशी दवाखान्यात वहिनी स्टुलावर अंग चोरून बसली होती आणि मी तिच्या मागे, हातात तिची पिशवी धरून उभा होतो. मी तेव्हा धुळ्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, वसतिगृहात राहत होतो. आमचं गाव पारोळ्याकडचं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे अर्ज असो, औषधाची चिठ्ठी असो की वीजबिल, सगळे कागद माझ्याकडे यायचे आणि मी ते समजल्यासारखा चेहरा करून वाचायचो. बऱ्याचदा समजायचंही.

वहिनीचे दोन्ही हात मनगटापर्यंत चिघळले होते. कपाशीच्या बांधावरचं गाजर गवत ती हातानं उपटायची, ते तिला बाधलं होतं. भाकरी थापताना पिठाला रक्त लागायला लागलं, तेव्हा दादा म्हणाला, तू धुळ्याला आहेस, तिला तिकडच्या कातडीच्या डॉक्टरला दाखव.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी तिचे हात उलटसुलट पाहिले आणि एक मलम लिहून दिलं. "हे स्टिरॉइड आहे, जोरदार आहे," ते मला म्हणाले. "बरोबर लावलं तर फार गुणकारी. पण लोक एक तर अत्तरासारखं लावतात, नाही तर लोण्यासारखं." मग त्यांनी स्वतःची तर्जनी पुढे केली, टेबलावरची ट्यूब उघडली आणि बोटाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक सरळ ओळ काढली. "हे एक माप. एवढ्यात, बोटं जुळवलेल्या दोन पंजांइतकी कातडी झाकते. म्हणजे एका हाताला, पुढून-मागून मिळून, एक. दोन हातांना दोन. दिवसातून एकदा, पातळ पसरायचं. दोन आठवडे. मग मला दाखवायचं."

वहिनीनं डोक्यावरचा पदर जरा मागे सारून त्या ओळीकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "इतलंसं? हाई ते मुंगीना पोटले बी पुरनार नही."

डॉक्टरांना ते कळलं असावं. ते हसले.

मग ते इंग्रजीत बोलू लागले. मला वाटतं, तिच्यासमोर ते शब्द मराठीत उच्चारायला त्यांनाही बरं वाटलं नसावं आणि मी कॉलेजचा आहे हे त्यांना कळलं होतं. चेहऱ्याला नाही, पापण्यांना तर मुळीच नाही, असं ते म्हणाले. मग काख, जांघ, छातीखालची घडी. तिथली कातडी पातळ असते, कातडीवर कातडी बसते, घाम येतो, औषध झाकल्यासारखं होतं आणि नको तितकं आत जातं. कातडी विरते, चिरा पडतात. शिवाय जांघेतली खाज बहुतेक वेळा नायट्याची असते. या मलमानं खाज दबते आणि खाली नायटा पसरत राहतो. "तिला हे नीट समजावून सांग," ते म्हणाले.

वहिनीनं मला विचारलं, "डॉक्टर काय म्हनी ऱ्हायनात, भाऊ?"

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन आली तेव्हा मी दहावीत होतो. तेव्हापासून ती मला भाऊ म्हणायची, अहो-जाहो करायची. मी कधी तिच्या पलंगावरसुद्धा बसलो नव्हतो. मला सगळे शब्द कळले होते, प्राणिशास्त्रात शिकलोही होतो. पण ते माझ्या तोंडून वहिनीला सांगायचे, आणि तेही आमच्या अहिराणीत, जिथे त्या शब्दांवर कसलंच पांघरूण नसतं, हे मला जमेना.

मी म्हणालो, "फक्त हातले लावानं. तोंडले नही."

डॉक्टरांनी विचारलं, "सगळं सांगितलंस ना?"

"हो सर," मी म्हणालो.

एस.टी.त बसल्यावर तिनं आपली तर्जनी दोन-तीनदा डोळ्यांसमोर धरून पेराची रेघ पाहिली. घरी तिनं ते माप अगदी डॉक्टरांनी दाखवलं तसं पाळलं. एका हाताला एक, दुसऱ्याला एक. दोन आठवड्यांत हात निवळले. डॉक्टरांनी पाहून लावणं थांबवायला सांगितलं, आणि पुन्हा उठलंच तर थोडे दिवस लावा, म्हणून आणखी एक ट्यूब लिहून दिली. आई सगळ्यांना सांगत सुटली की आमच्या पोरानं हात वाचवले. मलाही तसंच वाटत होतं.

फाल्गुनात मी घरी गेलो, तेव्हा वहिनी पाणी देता देता म्हणाली, "भाऊ, येताना हातनी ट्यूब लई या. सरी गयी."

मी आणली. दवाखान्याच्या चिठ्ठीची गरजही पडली नाही, धुळ्याच्या मेडिकलवाल्यानं नाव ऐकून काढून दिली. चैत्रात तिनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा आणली. वैशाखात एकदम दोन.

इथे मला थांबून लिहावं लागतं. बोटाच्या एका मापात साधारण अर्धा ग्रॅम मलम असतं. दोन हातांना रोज एक ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब रोज लावली तर दोन आठवडे पुरते. आणि तिचे हात तर तोवर कोरडे, स्वच्छ झाले होते. ती मला भाकरी वाढायची तेव्हा तेच हात माझ्या ताटाच्या वर असायचे. हातांना काही नाही आणि ट्यूब संपतेय, म्हणजे ते मलम दुसरीकडे कुठे तरी जातंय, हे तिसरीतल्या मुलालाही कळलं असतं. ते माप मला दाखवलं गेलं होतं ते यासाठीसुद्धा. मी त्याचा हिशेब कधीच केला नाही. किंवा खरं सांगायचं तर, एकदा मनात आलं होतं की विचारावं. पण कुठे लावता, हे विचारायचं म्हणजे पुन्हा तेच शब्द आले.

सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आईनं मला चुलीपाशी बोलावलं. आई असल्या बाबतीत आडपडदा ठेवत नसे.

"तुनी वहिनीले चालता येत नही. जांघमा कातडी चिराई गयी. पानी लागं की आग व्हस. कोनले सांगत नही ती. माले बी काल आंघोळले समजनं."

"तिथे काय लावलं तिनं?" मी विचारलं. आईशी मी निम्मं मराठीत बोलायला लागलो होतो.

"तू लयेल तीच ट्यूब. उन्हाळामा घामनी खाज सुटनी. लावं, गयी. मंग परत सुटनी, परत लावं." आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आम्हीन तुले शिकाले कसाले धाडं रे?"

तिला ते टोचून बोलायचं नव्हतं, असं मला आजही वाटतं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं धुळ्याला गेलो. आतल्या खोलीत नर्सबाई आणि आई यांच्यासमोर डॉक्टरांनी वहिनीला तपासलं. मी बाहेर बाकावर. थोड्या वेळानं मला आत बोलावलं. वहिनी पुन्हा त्याच स्टुलावर होती, पदर नाकापर्यंत ओढलेला.

डॉक्टर रागावले नव्हते, पण त्यांचा आवाज कोरडा होता. नायटा मांड्यांपर्यंत पसरलाय. तो गोळ्यांनी आणि दुसऱ्या मलमानं बरा होईल. आधीचं मलम आजपासून बंद. बंद केल्यावर काही दिवस खाज जास्त वाटेल, घाबरून पुन्हा लावायचं नाही. चिरा आता लाल-जांभळ्या आहेत, पुढे फिकट होतील, पांढऱ्या पडतील, पण जाणार नाहीत.

"कायम राहतील?" मी विचारलं.

"हो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी तुला त्या दिवशी या जागा सांगितल्या होत्या. तू यांना सांगितल्या नाहीस का?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. त्याआधीच पदराआडून वहिनी बोलली, बहुधा त्या खोलीतलं तिचं डॉक्टरांशी पहिलंच वाक्य.

"भाऊनी सांगेल व्हतं. मनाच ध्यानमा ऱ्हायनं नही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. चूक तिनं स्वतःवर घेतली आणि मी ते वाक्य तसंच राहू दिलं. त्या खोलीत एक शब्द बोलायचा होता, नाही म्हणून. तो इंग्रजीतही नव्हता, अवघडही नव्हता.

गावी परतताना मी एस.टी.त तिच्या पुढच्या बाकावर बसलो होतो. पारोळ्याचा किल्ला दिसायला लागेपर्यंत मी वाक्य जुळवत होतो. मग उतरायची गडबड झाली.

त्या चिरा पुढे पांढऱ्या झाल्या, असं आईनं मला सांगितलं. मी त्यांच्याबद्दल वहिनीशी कधी बोललो नाही, माफीही मागितली नाही. ती माझ्याशी आधीसारखीच वागली, आणि त्यानं मला जास्त लाज वाटायची.

तीन वर्षांनी मी एम.एस्सी. संपवून जळगावला शिकवायला लागलो होतो, तेव्हा वहिनी तिच्या धाकट्या मुलीला घेऊन आली. पोरीच्या कोपरांच्या लवणीत खरजेसारखं उठलं होतं. जळगावच्या डॉक्टरांनी सौम्य मलम दिलं, तेही थोड्याच दिवसांसाठी. पोर दोन वर्षांची, म्हणून मापही कमी, पण माप घ्यायचं ते मोठ्या माणसाच्याच बोटावर, मुलीच्या नाही. घरी आल्यावर मी वहिनीला ते समजावत होतो. ट्यूब दोघांच्या मध्ये चटईवर होती. पोर दारात खेळत होती.

वहिनीनं आपली तर्जनी पुढे केली, पेराच्या रेघेवर अंगठ्याचं नख ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा.

"भाऊ," ती म्हणाली, "या टायमे बठ्ठं सांगा."

मी सगळं सांगितलं. तोंड, पापण्या, मान. काख. जांघ. लंगोट बांधतो ती जागा. अहिराणीत, एकेक शब्द, खाली न पाहता. माझे कान तापले होते. ती प्रत्येक शब्द माझ्यामागून म्हणत गेली, शाळेत पाढे म्हणतात तशी, आणि जांघ म्हणताना तिचा आवाज जराही बदलला नाही.