डबीचा जप

बायको गेल्यापासून घड्याळजीचं मन थाऱ्यावर नव्हतं. चिमट्यातली बारीक चाकं पडायची, गिऱ्हाईक तुटायला लागलं. म्हणून तो कामाआधी नाम घ्यायचा. लेकानं दुकानात अखंड नाम वाजवणारी डबीच आणून लावली.

"बाबा, आता जप आपोआप होतोय!"

घड्याळजी भडकला. "अरे शहाण्या, डबीला मन आहे का भटकायला? जिभेला एकच शब्द दिला की आतली बडबड मंदावते. तरी मन पळतंच. पळालं हे ओळखायचं आणि न चिडता परत शब्दावर आणायचं, हाच जप! शेजारचा शिंपी त्याच्या देवाची माळ ओढतो, त्याचंही तेच. उद्या माझं जेवणही डबीच जेवेल!"

"न चिडता म्हणालात ना, बाबा?"

डबी बंद करून घड्याळजीनं शब्द धरला आणि चाक उचललं. पडलं नाही.