ओसमोनकुलच्या सहीनंतर

शादीबेक आमच्या आत-बाशी गावात पशुवैद्याचा मदतनीस होता. ओसमोनकुलचा तो धाकटा मुलगा, त्यामुळे रिवाजाप्रमाणे बापाचे घर त्याच्याकडेच यायचे. ते कसे गेले, हे मला सांगता येईल. विक्रीचा करार मी नोटरी असताना माझ्यासमोरच झाला होता.

शुक्रवारी ओसमोनकुलने सही केली. परिचारिका सालकिनने पूर्ण किंमत मोजली आणि ती त्याने लगोलग रशियातल्या थोरल्या मुलाकडे, रेजाककडे पाठवली. घर वडिलोपार्जित असल्याने बायकोची संमती लागत नव्हती. घरी त्याने चकार शब्द काढला नाही. नोंदणी कचेरी बंद झाली होती, म्हणून सोमवारचे ठरले. रविवारी तो वारला.

जनाज्याच्या नमाजापूर्वी शादीबेकने जमलेल्या पुरुषांना रीतीप्रमाणे विचारले, "माझ्या वडिलांकडे कोणाचं काही येणं असेल, तर ते माझ्याकडून घ्या." कोणी बोलले नाही.

चाळिसावा दिवस उलटल्यावर सालकिन करार घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मायलेक माझ्याकडे आले.

"विचारलं तेव्हा सगळे गप्प होते ना?" शादीबेकची आई बुरमाकान कडाडली. "मग आता कसलं येणं?"

"अपा," शादीबेक आईला म्हणाला, "तिथे पुरुष होते. सालकिन तर तुमच्याच शेजारी बसून रडत होती."

"माझ्या गळ्यात पडून रडली, आणि घर मागायला आली! काय धीट बाई!"

"तिच्या दोन मुली भाड्याच्या खोलीत आहेत, अपा."

"आणि मी कुठे जाऊ, सांग की! रेजाक बरा, तिकडून वारसा नको म्हणून कागद पाठवून मोकळा झाला. तूही सोड."

मी त्यांना नियम सांगितला. वारसा अर्धामुर्धा घेता येत नाही. घर घेतले की बापाने दिलेला शब्दही अंगावर येतो. दोघांनी सोडला, तर घर सरकारजमा होईल आणि सालकिनचा दावा सरकारवर चालेल. नोंदणी टाळली, तर न्यायालय करार पाहून ती करायला लावील. जनाज्यातल्या शांततेने हक्क बुडत नाही.

"म्हणजे कसंही केलं तरी घर आमचं नाही?" शादीबेकने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

सहा महिन्यांनी दोघांना वारसा-दाखला मिळाला. घर प्रथम त्यांच्या नावावर चढले आणि त्याच दुपारी सालकिनच्या नावावर गेले. बुरमाकानने सही केली. मान वर केली नाही. सालकिन म्हणाली, "ताई, त्यांचं वर्षाचं जेवण होईपर्यंत राहा."

"परक्याच्या घरात माझ्या नवऱ्याचं जेवण घालू?"

बुरमाकान भावाकडे डोंगरापलीकडे गेली. शादीबेकने भाड्याची खोली घेतली. वर्षाचे जेवण त्याने शाळेच्या भोजनगृहात घातले. रिवाजाप्रमाणे घोडा कापला, मौलवी आले, आम्ही सारे जेवलो. त्याची आई आली नाही. शादीबेक शेवटपर्यंत दाराशी उभा राहून पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत राहिला.