नऊ आणि दहा

निवृत्तीनंतरही मी तंजावूरच्या एका नर्सिंग कॉलेजात आठवड्यातून दोनदा शिकवायला जातो. पहिल्या वर्षाच्या मुली मेंदूच्या बारा नसांची नावे एका इंग्रजी वाक्याच्या आधाराने पाठ करीत. शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून नस ओळखायची. नावे अचूक येत. रुग्णाच्या खाटेशी उभे केले की हात जागचे हलत नसत. प्राचार्यांनी पुस्तिका करून द्या म्हटले, तेव्हा मी अट घातली: तिच्यात नावे कमी आणि हात जास्त असतील.

पहिल्या पानावर एक चेहरा काढला आणि आकडे जागच्या जागी ठेवले. एक नाकावर, दोन डोळ्यांवर, आठ कानांवर, अकरा खांद्यांवर, बारा जिभेवर. बाकीच्यांना ओळी लागल्या. त्या मला घरच्या मराठीतच सुचल्या. ‘तीन-चार-सहा, डोळा फिरवून पाहा.’ ‘पाच शिवते नि चावते, सात हसते.’ ‘नऊ-दहा, आ म्हणवून पाहा, पाणी नंतर.’ या दोन घशाच्या, गिळण्याच्या नसा.

या ओळींचे तमिळ एका विद्यार्थिनीने केले. ती जवळच्या पापनाशमची, आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरची. मराठी समजे, बोलताना अडखळे. प्रत्येक ओळ ती वर्गात एखादीवर करून बघे. वास तपासायला तिने कापूर आणला होता. तो मी परत पाठवला. कापूर झोंबतो, आणि झोंबणे पाचवी सांगते, पहिली नव्हे. कॉफीची पूड आण, डोळे मिटायला लाव, एकेक नाकपुडी बंद करून हुंगायला दे, असे सांगितले. तिने ते पुस्तिकेत लिहून घेतले.

पुस्तिका छापायला जाण्याआधी माझे थोरले बंधू अण्णा रुग्णालयात दाखल झाले. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या देठाला बसला होता. हातपाय चालत होते, शुद्ध होती, आवाज मात्र घोगरा झाला होता. त्याच वॉर्डात त्या मुलीची पाळी होती. सकाळी मी पोहोचलो तेव्हा वहिनी फ्लास्कमधून डवऱ्याच्या पसरट वाटीत कॉफी ओतत होत्या आणि ती मुलगी खाटेपाशी वाट अडवून उभी होती.

‘‘सार, मी आ म्हणायला लावलं,’’ ती मला तमिळमध्ये म्हणाली. ‘‘टाळूचा डावीकडचा पडदा उचलला जात नाही. पडजीभ उजवीकडे जाते. आवाज ओला येतो. सिस्टरना सांगितलंय.’’

मी बॅटरी घेऊन पाहिले. तसेच होते. सिस्टरने तोंडाने काही न देण्याची पाटी खाटेला लावली. अन्नाची नळी नाकातून घालायची होती.

अण्णांनी मान फ्लास्ककडे वळवली. पहिली नस शाबूत होती. वास त्यांना पोहोचत होता.

‘‘एक घोट,’’ ते म्हणाले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. ‘‘त्या पोरीला काय कळतं? तुम्ही तिचे वाध्यार, शिकवणारे. तुम्ही सांगा, भावजी. एक घोट.’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

वहिनींनी कॉफी फ्लास्कमध्ये परत ओतली. थोडी सांडली. मुलीने कापसाचा बोळा पाण्यात भिजवला, घट्ट पिळला आणि अण्णांचे ओठ व जीभ पुसली. हे तिला मी शिकवलेले नव्हते. पुढचे दिवस अण्णा ज्याला त्याला कॉफी मागत राहिले. मला मागणे त्यांनी सोडले. छाती अखेरपर्यंत स्वच्छ होती, न्यूमोनिया झाला नाही. दुसरा झटका आला आणि ते गेले.

अण्णांचे दिवस झाल्यावर ती मुलगी छापायला द्यायची पुस्तिकेची प्रत घेऊन आली. नऊ-दहाची ओळ ठेवायची का, एवढेच तिने विचारले. तिच्याकडे न पाहता मी ठेवायची म्हणालो. खाली एक वाक्य वाढवले: गिळण्याची तपासणी होईपर्यंत रुग्ण मागेल तेव्हा तोंड पिळलेल्या बोळ्याने ओले करावे, आणि त्याच्याजवळ थांबावे.

छापील पुस्तिका मी वहिनींना दाखवली. त्यांना देवनागरी येत नाही, तमिळ येते. नऊ-दहाचे पान त्यांनी सावकाश वाचले.

‘‘घोट दिला असता तर?’’

‘‘फुप्फुसात गेला असता.’’

‘‘गेली असती ती कॉफीच ना?’’

फुप्फुसात गेलेल्या घोटाने काय होते, हे मी वर्षानुवर्षे शिकवले आहे. वहिनींना ते सांगितले नाही. त्यांनी पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेल्या. पूर्वी त्या विचारत नसत, कॉफी आणून ठेवत. त्या दिवशी आतून काही आले नाही. बराच वेळ बसलो, मग चपला घालून निघालो.

पुस्तिका चालू आहे. मुली ती ओळ चालीवर म्हणतात. वर्गात ती ओळ आली की मी फळ्याकडे वळून नऊ आणि दहा हे आकडे लिहितो.