अनुया मॅडमनी लिहिलेलं भाषण

नागावच्या अनुया मॅडम अलिबागजवळच्या एका कॉलेजात, विनाअनुदानित तुकडीला अर्थशास्त्र शिकवायच्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे, सुट्टीत शिक्षकाला भूक लागत नाही असं गृहीत. पुढच्या वर्षी तास वाढवून देतो, असं प्राचार्य यज्ञेश्वर सर म्हणाले होते. त्याआधी फक्त चर्चासत्राचं भाषण लिहून हवं होतं. तासिकावाल्यांनी लिहायचं आणि प्राचार्यांनी वाचायचं, ही तिथली रीत.

विषय होता बुद्धिगळतीचे लाभ. मॅडमनी मन लावून लिहिलं. परदेशी गेलेला माणूस घरी पैसे पाठवतो, त्यातून गावात रोजगार निघतो. त्याच्या ओळखीवर मागच्यांना वाट मिळते. कौशल्य तर माणूस न येताही परत येतं. शेवटी एक परिच्छेद होता: हे आपोआप होत नाही, पैसा कुटुंबाकडे येतो, शिकवणाऱ्या संस्थेकडे नव्हे, आणि आलेलं ज्ञान पेलायला इथे धड पगारावर माणसं ठेवावी लागतात.

"हा काढू या," सर म्हणाले. "जेवणाला उशीर होतो."

प्रमुख पाहुणा विहंग, मॅडमचाच विद्यार्थी, नेदरलँडहून रजेवर आलेला. भाषण ऐकून तो भारावला. "सर, दर शनिवारी मी तिथून ऑनलाइन संख्याशास्त्र शिकवेन. फुकट." टाळ्या पडल्या. मॅडमनीही वाजवल्या. संख्याशास्त्राचा तो पेपर आपणच शिकवतो, हे त्यांच्या ध्यानात टाळ्या संपल्यावर आलं.

जूनमध्ये सरांनी बोलावलं. "तुमचेच मुद्दे अमलात आणतोय, मॅडम. ज्ञान परत येतंय."

"आणि माझे तास?"

"ते कमी होतायत. उरलेत ते आता एकाच माणसाकडे देतोय, सोयीचं पडतं."

त्या एका माणसाचं नाव अनुया नव्हतं.

विहंगचा फोन आला. "मॅडम, आईशपथ, मला माहीत नव्हतं. नको म्हणून कळवू का?"

"कळव की. ते तुझ्याच ओळखीतला दुसरा कोणी शोधतील. भाषणात लिहिलंय मी तसं." मग म्हणाल्या, "प्रमाण विचलनाला पोरं अडखळतात. तिथे घाई करू नकोस."

आठवड्याने विहंगची आई, सगुणाकाकू, दारात आली. मुलाच्या पैशातून तिने वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. "विहंग म्हणाला, तुम्ही मोकळ्या आहात. बुकिंग बघायला, इंग्रजी बोलायला माणूस हवाय. पगार दर महिन्याला देईन, मे महिन्यातसुद्धा."

मॅडमना मे महिन्याचा पगार कधीच मिळाला नव्हता. त्या हो म्हणाल्या.

शनिवारी खोल्या भरलेल्या असतात. चादरी मोजताना विहंगचा तास कसा होतो, ते त्यांना कळत नाही. मुलं म्हणे कॅमेरा बंद ठेवतात.